जुन्या गाड्या, अंडी आणि तीन नकार

१९६७ च्या जूनमध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या तरुण प्राध्यापकाने एक छोटा पेपर ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’कडे पाठवला आणि वर्षभरासाठी तो भारतात आला. इथे येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच नकाराचे पत्र आले. इतक्या क्षुल्लक विषयावरचे लेखन आम्ही छापत नाही, असे संपादकांचे म्हणणे. सोबत परीक्षकांचा एकही अहवाल नव्हता. पेपर मग ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’कडे गेला. तिथूनही तेच, क्षुल्लक. तिसऱ्या खेपेला ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ने मात्र दोन सविस्तर अहवाल पाठवले. पेपर चुकीचा कसा आहे, हे त्यात मुद्देसूद मांडले होते. शेवटी ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ने तो घेतला, १९७० मध्ये छापला, आणि २००१ साली अ‍ॅकरलॉफना नोबेल मिळाले ते मुख्यतः त्याच तेरा पानांसाठी.

ही गोष्ट सहसा चिकाटीची म्हणून सांगतात. मला ती वेगळ्याच कारणासाठी थक्क करते. तीन नकारांपैकी दोन एका जातीचे होते आणि तिसरा अगदी निराळा. त्यामुळे ‘आता या पेपरचे काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तरही दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे येते.

आधी पेपर काय म्हणत होता ते बघू. समजा बाजारात जुन्या गाड्या आहेत, कुणाची शून्य डॉलरच्या लायकीची, कुणाची दोन हजारांच्या, आणि मधल्या सगळ्या सारख्या प्रमाणात. आपली गाडी कशी आहे हे मालकाला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाइकाला मात्र कुठलीही गाडी मालकापेक्षा दीडपट मोलाची वाटते, म्हणजे सौदा झाला तर दोघांचाही फायदाच. आता भाव दोन हजार ठेवा. सगळे मालक विकायला येतील, सरासरी गाडी हजाराची असेल, आणि गिऱ्हाईक फार तर दीड हजार देईल. भाव दीड हजारावर आणला, तर त्याहून चांगल्या गाड्या घरी परत जातात, सरासरी साडेसातशेवर येते आणि गिऱ्हाईक सव्वाअकराशेच्या वर जात नाही. त्या भावाला आणखी काही चांगल्या गाड्या निघून जातात. असे उतरत उतरत शेवटी बाजारच उरत नाही. दोघांनाही सौदा हवा असताना एकही सौदा होत नाही! शाळकरी गणितात बसणारी ही गोष्ट तोवर इतक्या स्वच्छपणे कुणी मांडली नव्हती.

आता पहिला नकार. त्यात ना एखाद्या समीकरणाचा उल्लेख, ना एखाद्या पानाचा. अशा पत्रावरून पेपर दुरुस्त करता येत नाही, कारण दुरुस्त काय करायचे हेच त्यात नसते. पत्र एकच सांगते, की हा माल या दुकानाचा नाही. तेव्हा जर्नल बदलायचे आणि महिनाभर घरात कुढत बसायचे नाही. पण दुसऱ्या जर्नलनेही नेमका तोच शेरा मारला की त्याला वजन येते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांना विषय किरकोळ वाटला, तर बहुधा पहिल्या पानावर त्यांना जुन्या गाड्यांपलीकडे काही दिसलेले नसते. अशा वेळी निकालाला हात लावायचा नाही. प्रस्तावना नव्याने लिहायची. छापलेल्या पेपरमध्ये गाड्या हे केवळ एक उदाहरण आहे. पासष्टीपुढच्या माणसांना आरोग्यविमा मिळणे अवघड का, भारतातला सावकार एवढे व्याज का लावतो, हेही त्यात आहे. मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे तांदळातून वेचणारी गृहिणीसुद्धा आहे. तिला क्षुल्लक म्हणणे कठीण जाते.

तिसरा नकार खरा रसाळ. परीक्षकांचे मुद्दे तीन. एक, अंडी तर प्रतवारी करून व्यवस्थित विकली जातात, मग बाजार कोसळतो कुठे? दोन, हे खरे असेल तर जगात कसलाच व्यापार व्हायला नको. आणि तीन, हे खरे असेल तर अर्थशास्त्रच वेगळे असायला हवे होते.

तिन्हींचा सूर सारखाच कडक आहे, पण कामाचा ऐवज पहिल्यात आहे. अंड्यांचे उदाहरण खरे आहे आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. उत्तर असे, की अंड्याची प्रत विक्रीआधी तपासता येते आणि दोन्ही बाजूंना सारखीच कळते; म्हणजे पेपरची मूळ अटच तिथे लागू नाही. दुसरा मुद्दा पेपरने न केलेल्या दाव्यावर आहे. तरी ‘परीक्षकाला समजले नाही’ म्हणून हात झटकू नयेत, कारण पुढच्या जर्नलचा परीक्षकही तसेच वाचेल. क्षेत्र लहान असेल तर तो तोच माणूसही असू शकतो. म्हणून हमी, ब्रँड, साखळी दुकाने, परवाने यांमुळे बाजार कसा तगून राहतो हे पेपरातच सांगून टाकावे. छापील रूपात हा भाग आहे. तिसऱ्या मुद्द्यावर करण्यासारखे काहीच नाही. तो आक्षेप नव्हेच. गंमत म्हणजे पुढे अर्थशास्त्र खरेच वेगळे झाले.

मग पेपर मुळापासून मोडून बांधायचा कधी? समजा एखाद्या परीक्षकाने लिहिले असते, ‘तुमच्या दीडपटीच्या जागी दुप्पट घालून बघा.’ बघू या. भाव दोन हजार, सरासरी गाडी हजाराची, गिऱ्हाइकाला ती दोन हजारांची. भाव टिकला आणि सगळ्या गाड्या विकल्या गेल्या! एका आकड्याने निकाल उलटा झाला. परीक्षकाचा सूर कितीही मऊ असो, आक्षेप असा आला की पेपर तसाच दुसरीकडे पाठवणे म्हणजे तोच खड्डा पुढे ढकलणे. बाजार कोणत्या अटींत कोसळतो आणि कोणत्या अटींत तगतो, हे मांडल्याशिवाय तो पाठवू नये.

‘दुरुस्त करून आम्हालाच पाठवा’ ही वाट अ‍ॅकरलॉफना मिळाली नाही. ती मिळते का हे परीक्षकांच्या अहवालात नव्हे, संपादकाच्या पत्रात शोधायचे असते. ‘पुन्हा पाठवल्यास विचार करू’ असे एक वाक्य तिथे असेल, तर खाली दहा पानांचे ताशेरे असले तरी बहुधा तिथेच थांबावे. नवे जर्नल म्हणजे पहिल्यापासून रांग, आणि एका वेळी दोन ठिकाणी पेपर पाठवता येत नाही. वाक्य नसेल तर दाद मागण्यात सहसा वेळ जातो. परीक्षकाची चूक निर्विवाद असेल आणि निकाल तिच्यावरच टेकला असेल, तेव्हाच ते करावे.

२०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये जीवशास्त्राच्या ९२३ जर्नलांची पाहणी आली होती. छापलेल्या पेपरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच जर्नलमध्ये लागले होते, आणि आधी दुसरीकडे नाकारले गेलेले पेपर पुढे सरासरीने जरा जास्तच उद्धृत झाले. नकारानंतरच्या डागडुजीचा हा गुण असू शकतो, असा अभ्यासकांचा एक तर्क. मात्र त्या मोजणीत छापून आलेलेच पेपर होते. वाटेत कुठेतरी खणात पडून राहिलेल्यांची नोंद तिथे असणे शक्य नव्हते.