दहा पंख्यांचं बिल आणि तीन तारखा

जीएसटीच्या तारखा बहुतेक दुकानदारांना पाठ असतात. पण अकरा, चौदा आणि वीस याच तारखा का, हे त्यांना फारसं कोणी समजावून सांगत नाही. त्यामागचं कारण कळलं की आपले पैसे कुठे अडकतात तेही दिसतं. इथे एकच व्यवहार शेवटपर्यंत पाहू.

सांगलीतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानदाराने ५ जूनला घाऊक व्यापाऱ्याकडून दहा पंखे घेतले. किंमत १६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे २,८८० रुपये. व्यापारी महाराष्ट्रातलाच, म्हणून कराचे दोन भाग पडले: केंद्राचे १,४४० आणि राज्याचे १,४४०. २८ जूनला तेच पंखे एका नोंदणीकृत ठेकेदाराने २०,००० रुपयांना घेतले. कर ३,६०० आणि बिल २३,६०० रुपयांचं झालं. ग्राहकाकडून गोळा केलेल्या ३,६०० रुपयांतून आधीच भरलेले २,८८० वजा होतात आणि सरकारला रोख फक्त ७२० रुपये द्यायचे राहतात. ही वजावट म्हणजेच इनपुट क्रेडिट.

हे वजा करता येणं सगळं बिलावर अवलंबून आहे. ठेकेदाराच्या बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची असतात, त्यामुळे निम्मी चूक नुसत्या नजरेने सापडते. क्रमांक घातलाच नाही, तर ते बिल किरकोळ विक्रीत जमा होतं आणि ठेकेदाराला क्रेडिट मिळत नाही. बिल नंबर सलग आणि वर्षभरात एकदाच यावा. रोखीचं आणि उधारीचं पुस्तक वेगळं असेल, तर एकाला ‘अ-१’ आणि दुसऱ्याला ‘ब-१’ अशी मालिका द्यावी. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीत गिऱ्हाईक बिल मागत नसेल, तर दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल केलेलं चालतं.

आता तारखा. ११ जुलैपर्यंत प्रत्येक विक्रेता जूनची विक्री बिलवार भरतो. या रिटर्नला जीएसटीआर-१ म्हणतात. आपला दुकानदार ठेकेदाराचं बिल दाखवतो आणि घाऊक व्यापारी आपल्या दुकानदाराचं. १४ जुलैला पोर्टल प्रत्येक खरेदीदारासाठी त्याच्या नावावर आलेल्या बिलांची यादी तयार करतं, ती जीएसटीआर-२बी. २० जुलैपर्यंत त्या यादीच्या आधारे क्रेडिट वजा करून कर भरायचा, ते रिटर्न जीएसटीआर-३बी.

घाऊक व्यापाऱ्याने अकरा तारीख चुकवली, तर गाडी इथेच अडते. पंख्यांचं पक्कं बिल दुकानदाराच्या फाईलमध्ये आहे, पैसेही दिलेत, पण २बीमध्ये ते बिल नाही. म्हणून २० जुलैला त्याला ७२० ऐवजी पूर्ण ३,६०० रुपये भरावे लागतात. व्यापारी पुढे ते बिल दाखवेल तेव्हा क्रेडिट मिळेल, तोवर २,८८० रुपये दुकानदाराच्या खिशातून गेलेले. प्रामाणिक खरेदीदाराला दुसऱ्याच्या ढिलाईची झळ बसावी, हे मला अन्यायाचं वाटतं. पण आज नियम तसा आहे.

वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल, तर दोन्ही रिटर्न तिमाही भरता येतात. मग जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेला आणि ३बी महाराष्ट्र, गोव्यात २२ तारखेला येतं. कर मात्र तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांतही चलनाने, पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. घाऊक व्यापारी तिमाही योजनेत असेल, तर तो दर महिन्याची बिलं १३ तारखेपर्यंत पोर्टलवर टाकतो का, हे आधीच विचारून घ्यावं. कंपोझिशनवाल्या दुकानदाराची गोष्ट वेगळी: त्याला बिलावर कर लावता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही.

महिनाभर दुकान बंद होतं, विक्री शून्य, तरी रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला, तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये आणि इतरांना ५० रुपये विलंब शुल्क लागतं. ३बी उशिरा भरलं, तर रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज वेगळं.

म्हणून दर महिन्याच्या चौदा तारखेनंतर २बी उघडा, खरेदीची फाईल शेजारी ठेवा आणि एकेक बिल टिक करा. जे सापडणार नाही त्याच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी फोन करा. एका आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलंत तर तोवरच घेता येतं. त्यानंतर ते कायमचं बुडतं.