खांदेरीची रसद

लांब किनारा राखावयाचा आहे, परंतु खुल्या समुद्रात मोठ्या जहाजांशी तोफेस तोफ भिडविण्याचे सामर्थ्य नाही, अशा राज्याने करावे काय, या प्रश्नाचे उत्तर १६७९ साली मुंबई बंदराच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटापाशी मिळाले. शिवछत्रपतींनी मायनाक भंडाऱ्याकरवी त्या बेटावर तटबंदीस आरंभ करताच मुंबईच्या इंग्रजांना आपल्या बंदराच्या तोंडाशी शत्रूचे ठाणे बसलेले दिसू लागले. आणि बेटावरील लोकांस अन्न, दारूगोळा व बांधकामाचे सामान मिळू न देता त्यांस हुसकावून लावावे, म्हणून त्यांनी नाकेबंदी आरंभिली.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालील साठांहून अधिक मराठी नावा किनाऱ्याकडून वल्हवीत, नाळेवरील तोफा डागीत इतक्या वेगाने चालून आल्या की, नांगरून पडलेल्या आठ इंग्रजी जहाजांस शिडे उभारण्यास जेमतेम अवसर मिळाला. ‘डोव्हर’ नावाची गुराब अर्ध्या तासाच्या आत मराठ्यांच्या हाती पडली आणि लहान जहाजांनी पळ काढला. तथापि एकट्या पडलेल्या ‘रिव्हेंज’ या मोठ्या फ्रिगेटने आपल्या तोफांच्या बळावर पाच गलबते बुडविली, तेव्हा मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत शिरले.

केवळ या झुंजीवरून निवाडा केला, तर विजय इंग्रजांचा ठरतो. परंतु लढाईचे खरे प्रयोजन बेटाची रसद चालू ठेवणे हे होते, आणि तेथे हिशेब उलटतो. खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ. तेथे खोल तळाचे जहाज रुतण्याचे भय, आणि उथळ तळाचे गलबत मात्र बेधडक आत शिरे. वारा पडला की शिडांवर अवलंबून असलेले जहाज जागीच खिळून राही, तर वल्ह्यांवर चालणारी नाव वाऱ्याची वाट न पाहता अंधारात बेट गाठी आणि उजाडण्यापूर्वी परते. नोव्हेंबरअखेर सिद्दीचे आरमार इंग्रजांस येऊन मिळाले, बेटावर तोफांचा मारा झाला, तरी ही ये-जा पुरती बंद पडली नाही.

या पद्धतीस मर्यादाही होत्या. हलकी नाव मोठ्या तोफांच्या भरतीचे ओझे सोशीत नसे, किनाऱ्यापासून दूर तिचा निभाव लागणे कठीण, आणि मागे आसऱ्यास खाडी नसेल तर तिचा वेगही फार काळ कामी येत नसे. शिवाय १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तोफा चढविल्या, त्यामुळे खांदेरीस कायमचा उपद्रव जडला.

तरीही त्याच सुमारास इंग्रजांनी खर्चास कंटाळून आपली जहाजे काढून घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. दुर्बल आरमाराच्या यशाचे माप बुडविलेल्या जहाजांच्या संख्येने घेऊ नये; ज्या ठाण्यासाठी ते लढले, ते अखेर कोणाच्या हाती उरले, हेच पाहावे.