मुंबईचा पाऊस ११ जूनलाच का येत नाही?

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी येऊन थडकला. हवामान विभागाने मुंबईसाठी ठरवलेली सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, म्हणजे पाऊस तब्बल सोळा दिवस आधी आला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आलेला नव्हता. ‘बघा, हवामान बदललं’ असे त्या आठवड्यात अनेकांनी म्हटले. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, तोच पाऊस २५ जूनपर्यंत आला नव्हता आणि लोक तेव्हाही तेच म्हणत होते. पाऊस उशिरा आला तरी हवामान बदलले आणि लवकर आला तरी बदलले, असे होत असेल तर मोजमापात काहीतरी गफलत आहे. ती गफलत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना नीट उलगडून दाखवायला मुंबईच्या पावसाच्या तारखांइतके चांगले साधन नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा. भूगोलाच्या पुस्तकात वातावरणाच्या त्या त्या वेळच्या स्थितीला ‘हवा’ म्हणतात आणि एखाद्या ठिकाणच्या हवेच्या दीर्घकाळच्या स्वरूपाला ‘हवामान’. बातम्यांत मात्र उद्याच्या पावसाचा अंदाजही ‘हवामान अंदाज’ असतो आणि शंभर वर्षांचा बदलही ‘हवामान बदल’. मुलांचा गोंधळ होतो तो इथे. या लेखात पुस्तकातला अर्थ धरला आहे.

आता तारखा पाहू. मुंबईत मोसमी पाऊस २०१९ मध्ये २५ जूनला आला, २०२० मध्ये १४ जूनला, २०२१ मध्ये ९ जूनला, २०२२ मध्ये ११ जूनला, २०२३ मध्ये पुन्हा २५ जूनला, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये २६ मेला. सात वर्षांत ठरलेल्या तारखेला तो एकदाच आला. सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची तारीख यांच्यात एक महिन्याचे अंतर आहे. या यादीतील प्रत्येक तारीख ही ‘हवा’ आहे.

यातल्या शेवटच्या तीनच तारखा विद्यार्थ्यांसमोर ठेवल्या तर काय दिसते? २५ जून, ९ जून, २६ मे. पाऊस दरवर्षी साधारण पंधरा दिवस अलीकडे सरकतो आहे, असा आलेख कोणीही काढेल. तो आलेख तसाच पुढे नेला तर २०२६ मध्ये पाऊस मेच्या दुसऱ्या आठवड्यात यायला हवा आणि आणखी काही वर्षांत थेट जानेवारीत! गणितात चूक नसूनही निष्कर्ष हास्यास्पद येतो, कारण तीन वर्षांच्या चढउतारालाच दिशा मानले गेले.

आता सातही तारखांची सरासरी काढू. १ जूनला १ हा आकडा द्यायचा, म्हणजे ३१ मे शून्य आणि २६ मे उणे ५. बेरीज होते २५ + १४ + ९ + ११ + २५ + ९ − ५, म्हणजे ८८. तिला सातने भागले की साडेबारा. म्हणजे १२-१३ जून, ठरलेल्या तारखेपासून जेमतेम दीड दिवस दूर. एकेक वर्ष दोन-दोन आठवडे इकडेतिकडे झाले, पण सगळी मिळून ती पुन्हा त्याच तारखेच्या आसपास आली. ही सरासरी, आणि तिच्याभोवती तारखा किती पसरलेल्या असतात तो पसारा, ही दोन्ही मिळून ‘हवामान’ होते.

सात वर्षे मात्र पुरेशी नाहीत. याच यादीतल्या पहिल्या तीन वर्षांची सरासरी १६ जून येते, तर शेवटच्या तीन वर्षांची १० जूनच्या आत. कोणती तीन वर्षे उचलली यावर उत्तर सहा दिवसांनी बदलते. म्हणूनच हवामानाची सरासरी ठरवताना जगभर किमान तीस वर्षांच्या नोंदी घेतात. हा पायंडा १९३५ मध्ये वॉर्साच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पडला; तेव्हा १९०१ ते १९३० हा पहिला कालखंड धरला गेला. सध्याचा कालखंड १९९१ ते २०२० आहे. प्रशांत महासागराचे पाणी दर दोन ते सात वर्षांनी नेहमीपेक्षा तापते, त्याला एल निनो म्हणतात. तीस वर्षांत असे अनेक फेरे येऊन जातात आणि एखाद्या फेऱ्याचा हिशेबावरचा जोर ओसरतो.

मग हवामान खरेच बदलले हे कळते कसे? हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. त्याआधीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या नोंदी तपासल्यावर मुंबईतील आगमन १० जूनवरून ११ जूनवर गेले, फक्त एक दिवस. पाऊस परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. नऊ दिवसांचा हा फरक २०२५ च्या सोळा दिवसांपेक्षा लहान दिसतो, पण त्याच्यामागे कितीतरी वर्षांच्या नोंदी असल्याने तो अधिक वजनदार आहे. इथेही एक काळजी घ्यावी लागते. जुन्या तारखांच्या वेळी मोजणीची केंद्रे कमी होती, त्यामुळे नऊच्या नऊ दिवस हवामान बदलाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

आता प्रश्नमंजूषा. पुढील सहा विधाने वर्गांत आणि घरांत हमखास ऐकू येतात. वाचकांनी प्रत्येकापुढे बरोबर की चूक ते आधी कागदावर लिहावे आणि कारण एका वाक्यात द्यावे. खरी परीक्षा कारणाची आहे.

१. मुंबईत ऑक्टोबरमध्ये उकाडा वाढतो, हे हवेचे वर्णन आहे.

२. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला, म्हणजे तापमानवाढीची चर्चा खोटी.

३. हवामान मोठ्या प्रदेशाचे असते. शेजारच्या दोन गावांचे हवामान वेगळे असू शकत नाही.

४. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस हा हवामान बदलाचा पुरावा आहे.

५. पुढच्या महिन्यातला पाऊस सांगता येत नाही, तर पन्नास वर्षांनंतरचे हवामान सांगणे अशक्यच.

६. २०२४ मध्ये पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशाच्या वर गेली, म्हणजे पॅरिस करारातली मर्यादा मोडली.

सहाही विधाने चूक आहेत, पण चुकण्याची कारणे वेगळी आहेत.

पहिल्यात फसणारे विद्यार्थी ‘उकाडा’ हा शब्द वाचून उत्तर देतात. एका विशिष्ट दिवशी घाम फुटला तर ती हवा. पाऊस परतला, आकाश मोकळे झाले की दरवर्षी उकाडा वाढतो, ही नेहमीची रीत आहे, म्हणून ते हवामान. याच्याच जोडीला आणखी एक समज दिसतो: उन्हाळा संपून पावसाळा लागला म्हणजे हवामान बदलले. ऋतूंचा फेरा हा हवामानाचाच भाग आहे. तो फेरा स्वतःच पिढ्यांच्या मापात सरकू लागला, तर त्याला हवामान बदल म्हणायचे.

निफाडच्या विधानात एक गाव आणि एक पहाट आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत भारताचे सर्वांत उष्ण वर्ष २०२४ ठरले. देशाची वार्षिक सरासरी १९९१-२०२० च्या मानाने ०.६५ अंशांनी जास्त होती. ही सरासरी काढताना थंड पहाटा वगळलेल्या नसतात, त्याही हिशेबात असतात. तापलेल्या जगातही थंडी पडते, फक्त कडाक्याच्या थंडीचे दिवस विरळ होत जातात.

तिसऱ्याचे उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात, आपले बाष्प तिथेच रिते करतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून हा फरक दरवर्षी दिसतो.

चौथे विधान सर्वांत अवघड आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, साधारण महिनाभराचा. त्याच वेळी त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. असा एकच दिवस पुरावा होऊ शकत नाही. असे दिवस किती वेळा येतात, ही मोजणी पुरावा होते. ती मोजणी झालेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासून २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात त्या पट्ट्यातला मोसमी पाऊस एकूण मात्र घटत गेला. केवळ सरासरी पाहणाऱ्याला पाऊस थोडा कमी झाला एवढेच दिसले असते. पसारा पाहिला तेव्हा कळले, की पाऊस पडण्याची तऱ्हाच बदलली आहे.

पाचव्या विधानातली शंका रास्त आहे आणि तिला तसेच गंभीर उत्तर द्यायला हवे. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने संगणकावर हवेचे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. काही काळ उत्तर आधीसारखे आले, पुढे ते इतके भरकटले की दोन्हींत साम्य उरले नाही. आजच्या हवेची नोंद कितीही काटेकोर घेतली तरी तिच्यात असा बारीक फरक राहतोच, म्हणून दिवसागणिक अंदाज दोन आठवड्यांच्या पलीकडे टिकत नाही. पण पुढच्या वर्षी १० मे रोजी नागपूरचे तापमान नेमके किती असेल हे कोणी सांगू शकत नसले, तरी तिथला मे महिना डिसेंबरपेक्षा तापलेला असणार हे शाळकरी मूलही सांगते. ते आजच्या हवेवर अवलंबून नाही, सूर्याकडून किती उष्णता मिळते यावर आहे. हवामानाचे गणित याच प्रकारचे आहे. कर्बवायू वाढला की किती उष्णता अडून राहील, याचा हिशेब त्यात असतो. पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या मंगळवारी पाऊस पडेल का, हे ते गणित सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही.

सहाव्यात मोठी माणसेही चुकतात. औद्योगिक काळाआधीच्या मानाने २०२४ ची वाढ सुमारे १.५५ अंश असल्याचे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले. पॅरिस करारातली मर्यादा मात्र दीर्घकालीन वाढीसाठी आहे आणि ती साधारण वीस वर्षांच्या सरासरीने तपासली जाते. त्या वर्षी एल निनोची भर पडली होती. ती बाजूला ठेवून दीर्घकालीन वाढ पाहिली, तर संघटनेचे २०२४ चे अंदाज १.३ ते १.४ अंशांच्या आसपास येतात.