राजीनाम्यामागची कारणं, नावांशिवाय

खासगी हॉस्पिटलमधल्या सिस्टरने राजीनामा दिला की तिच्यापुढे एक फॉर्म येतो. ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात ती ‘चांगली संधी’ किंवा ‘घरगुती अडचण’ असं लिहून मोकळी होते. तिचं तरी काय चुकतं? अनुभवाचा दाखला आणि शेवटचा हिशेब अजून ऑफिसात अडकलेला असतो. म्हणून अनुभवी एचआरवाले ही मुलाखत शेवटच्या दिवशी उरकून टाकत नाहीत. दाखला हातात दिल्यावर, जमलं तर महिनाभराने फोनवर, ते निवांत बोलतात. ‘का सोडलंत?’ हा प्रश्न टाळून ते विचारतात, ‘नोकरी सोडावी असं पहिल्यांदा कधी वाटलं? तेव्हा काय झालं होतं?’ एवढं विचारलं की माणूस मोकळेपणाने बोलतो.

खरी कसोटी त्यानंतर लागते. ऐकलेलं मॅनेजमेंटपर्यंत पोचवायचं असतं आणि बोलणारी कोण होती ते कळू द्यायचं नसतं. नावं खोडली की काम झालं, असा समज सर्रास आढळतो. तो किती कच्चा आहे ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, एका हॉस्पिटलमध्ये १२० परिचारिका आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत १४ जणींनी नोकरी सोडली. आयसीयूत २० जणी होत्या, त्यातल्या ५ गेल्या. बाकीच्या १०० जणींमधून ९ गेल्या. हे आकडे गुपित नाहीत, हजेरीपटावर ते सगळ्यांना दिसतात. जपायचं आहे ते मुलाखतीत कोण काय म्हणालं हे. १४ पैकी ९ जणींनी सांगितलं की ड्यूटी लिस्ट लागल्यावरही आयत्या वेळी बदलते आणि ठरलेला ऑफ रद्द होतो. आयसीयूच्या पाचही जणी हेच म्हणाल्या.

अशा अहवालांत एक नियम सहसा पाळतात: पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचं मत वेगळं दाखवायचं नाही. आयसीयूचा गट या नियमात बसतो. पण ‘पाचपैकी पाच’ असं छापलं की त्या पाचही जणींचं बोलणं उघडं पडतं, कारण आयसीयूतून कोण गेलं हे वॉर्डबॉयलाही ठाऊक असतं. गट कितीही मोठा असो, सगळ्यांचं उत्तर एकच आलं की तो आकडा प्रत्येकीचं म्हणणं सांगून टाकतो. म्हणून इथे आयसीयूचा वेगळा आकडा द्यायचाच नाही. इतर वॉर्डांतल्या ४ जणींचाही द्यायचा नाही, नाहीतर ९ मधून ४ वजा करायला कितीसा वेळ लागतो!

अशीच वजाबाकी तारखांमुळेही होते. ऑगस्टअखेरच्या अहवालात ‘१३ पैकी ८’ आणि सप्टेंबरअखेरच्या अहवालात ‘१४ पैकी ९’ असं आलं, तर सप्टेंबरमध्ये गेलेली एकमेव सिस्टर काय म्हणाली ते दोन्ही कागद शेजारी ठेवताच कळतं. दर महिन्याचा अहवाल तत्पर वाटतो, पण बोलणाऱ्यांना तोच उघडं पाडतो. माझ्या मते सहा महिन्यांतून एकदा अहवाल द्यावा, आणि माणसं फारच कमी असतील तर वर्षातून एकदाच.

सगळ्यात जास्त घात होतो तो अवतरणांमुळे. ‘मुलीच्या दहावीच्या परीक्षेत मला सलग सात नाइट लावल्या’ हे वाक्य वाचून काळजाला हात लागतो, म्हणून ते अहवालात घालायचा मोह होतो. पण त्या वर्षी कोणाची मुलगी दहावीला होती हे इन्चार्ज सिस्टरला माहीत असतं. अशा वेळी वाक्य उकलून त्यातली कामाची बाब तेवढी उचलायची: ‘कौटुंबिक कारणासाठी आधी कळवूनही ड्यूटी बदलून मिळत नाही.’ वाक्यातली धग जाते, मला ते खटकतंही. पण ज्या बाईने विश्वासाने सांगितलं तिच्यापुढे त्या धगीची किंमत कमी आहे.

एवढं गाळल्यावर उरतं ते ‘काही परिचारिका ड्यूटी लिस्टबद्दल नाराज आहेत’ असं गुळमुळीत वाक्य. त्याने कोणी जागचं हलत नाही. इथे अहवाल लिहिणाऱ्याने मुलाखतींच्या वह्या बाजूला ठेवून रजिस्टर उघडायला हवं. लावलेली ड्यूटी लिस्ट आणि प्रत्यक्ष हजेरी यांचा तीन महिन्यांचा मेळ घालायचा, आणि तो सगळ्या वॉर्डांचा घालायचा. समजा, त्यातून असं दिसलं की चोवीस तासांच्या आत कळवलेले बदल आयसीयूत ३८ झाले आणि तिप्पट परिचारिका असलेल्या जनरल वॉर्डांत २२. हा आकडा कोणाच्याही तोंडचा नाही, हॉस्पिटलच्याच कागदांवरचा आहे, त्यामुळे तो वॉर्डाच्या नावासकट उघडपणे मांडता येतो. मुलाखतींनी फक्त कुठे शोधायचं ते सांगितलं.

रजिस्टरमधून कारणही हाती लागतं. आयसीयूला रिलीव्हर नाही. एक जण आजारी पडली की ऑफवर असलेलीला फोन जातो. तिघींनी इन्चार्ज फोनवर वाटेल तशी बोलते असंही सांगितलं होतं. ते या अहवालात येऊ नये. तिघींचा आकडा लहान आहे, शिवाय त्या इन्चार्जला आपली बाजू मांडायची संधी मिळालेली नाही. माणसं कमी असताना रोज रात्री कोणाला तरी बोलावणं भाग असलेल्या बाईचा आवाज का चढतो, हे रिलीव्हर दिल्यावर कदाचित वेगळं दिसेल. पुढच्या सहामाहीतही तक्रार येत राहिली, तर ती स्वतंत्रपणे हाताळावी लागेल.

काही गोष्टींना मात्र सहामाहीची वाट पाहता येत नाही. चुकीचं औषध दिलं गेलं आणि ते दडपलं, असं एकीनेही सांगितलं तरी ते पुरेसं आहे. लैंगिक छळाचंही तसंच. त्यासाठी २०१३ च्या कायद्याने नेमलेली अंतर्गत समिती आहे आणि त्याच कायद्याचं कलम १६ तक्रारीचा तपशील व ओळख जाहीर करायला मनाई करतं. असं काही ऐकलं तर अहवालात एक ओळही न लिहिता त्या बाईला समितीकडे जाण्याचा मार्ग दाखवायचा. म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं की रुग्णाच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असलेली गोष्ट मी पोटात ठेवू शकणार नाही. ‘सगळं आपल्यातच राहील’ हे आश्वासन पाळता येत नाही, म्हणून ते देऊही नये.

या सगळ्यातून मॅनेजमेंटच्या हाती पडणारा मजकूर साधारण असा असतो: ‘सहा महिन्यांत १४ परिचारिकांनी नोकरी सोडली. निम्म्याहून अधिक जणींनी आयत्या वेळी बदलणारी ड्यूटी हे कारण सांगितलं. रजिस्टरनुसार असे बदल आयसीयूत सर्वाधिक असून तिथे रिलीव्हर नाही. मुलाखती फक्त सोडून गेलेल्यांच्या आहेत. राहिलेल्यांचं मत वेगळं विचारलेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नये, कारण तोच त्रास सोसूनही पंधरा जणी आयसीयूत टिकून आहेत आणि त्या का टिकल्या हे या कागदावरून कळत नाही.

बैठकीत कोणीतरी विचारतंच, ‘हे म्हणालं कोण?’ त्याचं उत्तर मुलाखती सुरू होण्याआधीच संचालकांकडून ठरवून घ्यावं: नावं विचारायची नाहीत, मूळ टिपणं एकाच व्यक्तीकडे राहतील आणि अहवाल झाला की नष्ट होतील. ते लेखी असेल तर एचआरमधल्या नव्या मुलीलाही वरिष्ठांसमोर तो कागद पुढे करता येतो. मग चर्चा आयसीयूला दोन रिलीव्हर कधीपासून देता येतील, याकडे वळवता येते.