सोळा की एकशे सहा?



अल्लीपूरच्या आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात सहावीतली एक मुलगी येते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या आईने तिला हिशेब विचारला. सात बायांनी मिळून वेचलेल्या कापसाची मजुरी 742 रुपये झाली, तर एकीला किती? मुलीने वहीत मांडणी केली आणि 16 सांगितले. आई म्हणाली, "दिवसभर वाकून सोळा रुपये?" मुलीला सातचा पाढा बिनचूक येतो, तरीही ती दोन दिवस वर्गात आली नाही.

ती आल्यावर मी मांडणी बाजूला ठेवली आणि कागदाच्या नोटा कापल्या. सात मुलींना बाया केले आणि तिला वाटणारी. "प्रत्येकीला आधी किती देशील?" तिने पन्नास-पन्नास दिले. 350 गेले, 392 उरले. पुन्हा पन्नास-पन्नास दिले, 42 उरले. मग सहा-सहा दिले आणि काहीच उरले नाही. प्रत्येक वाटप तिने वहीच्या कडेला लिहिले होते : 50, 50, 6. बेरीज 106. दुसऱ्या मुलीने एकदम शंभर दिले, तिचे काम दोनच ओळींत झाले. दोघींचेही बरोबर. काही मुले दहा-दहाच देत राहतात आणि पान भरते. आम्ही ते खोडत नाही, "याहून जास्त देता येईल का?" एवढेच विचारतो. चूक होते ती बहुधा शेवटी, कडेची बेरीज करायची राहून गेल्याने.

असे काही आठवडे झाल्यावरच शाळेची मांडणी घेतली. आता शंभराच्या 7, दहाच्या 4 नोटा आणि 2 सुटे रुपये. शंभराची एकेक नोट प्रत्येकीला मिळाली, म्हणून शतकाच्या जागी 1. दहाच्या चार नोटा सात जणींना पुरत नाहीत. दहाची नोट कोणालाच मिळाली नाही, म्हणून दशकाच्या जागी 0. तिचा हरवलेला शून्य हाच. त्या चार नोटा मोडून 40 सुटे केले, त्यांत 2 मिळवले, 42 झाले, प्रत्येकीला 6. 'वरचा अंक खाली उतरवा' असे शाळेत म्हणतात, ते म्हणजे हे सुटे एकत्र करणे. मलाही शाळेत हे कोणी सांगितले नव्हते, मी नुसते उतरवत आलो.

मजुरी 745 असती तर तीन रुपये उरले असते. बाकी सातहून कमी आहे, म्हणजे पूर्ण रुपयांत पुढे वाटता येत नाही. सात किंवा जास्त उरले, तर वाटप अर्धवट आहे हे मुले आता स्वतःच ओळखतात. त्या तीन रुपयांचे काय, यावर मात्र बराच वाद झाला. मला बारा टोपल्या आठवल्या. मुलांनी गोळ्या घ्यायचे ठरवले.

त्या मुलीने घरी आईसमोर 106 ला सातने गुणून दाखवले. आता इतर बायाही तिच्याकडून हिशेब करून घेतात.