घसाऱ्याच्या तक्त्यात दोन पद्धतींची खिचडी

परवा बॅचचे पेपर तपासत होतो. मशीन १,००,००० रुपयांचं, घसारा १० टक्के, ऱ्हासमान शेष पद्धतीने. एकाने पहिल्या वर्षी १०,००० लिहिले, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ९०,००० वर ९,०००. बरोबर. तिसऱ्या वर्षी मात्र पुन्हा १०,०००! ही झाली स्थिर हप्ता पद्धत. हवे होते ८१,००० वर ८,१००. तेवढ्या ओळीचे मार्क कापले. चौथ्या वर्षी त्याने आपल्या ७१,००० वर ७,१०० काढले. रीत बरोबर, म्हणून मार्क दिले.

तुम्ही घसाऱ्याचा कॉलम वरून खाली वाचा. स्थिर हप्त्यात आकडा तोच राहतो, ऱ्हासमानात दरवर्षी उतरतो. नवी खरेदी नसताना मध्येच चढला, की समजा घोळ आहे. दुकानाच्या हिशोबात याच घोळाने त्या वर्षीचा नफा १,९०० रुपयांनी कमी दिसेल.