वृद्धांचा शिरोभिघात : पडल्यानंतर उशिरा दिसणारी लक्षणे

वरवट बकाल व परिसरातील गावांत वैद्यकव्यवसाय करताना पक्षाघाताचे रुग्ण आमच्याकडे वरचेवर येतात. त्यांच्यापैकी एका रुग्णाने आम्हांस जे शिकविले ते वैद्यबंधूंसमोर ठेवावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

रुग्ण इतिवृत्त

रुग्ण पुरुष, वय 73, व्यवसाय शेती. मुलाने त्यांना "डाव्या अंगावरून वारं गेलं" असे सांगून बस्तिचिकित्सेसाठी आणले होते. गेल्या आठ दिवसांपासून डावा पाय ओढत चालणे, मंद डोकेदुखी, दिवसाही झोप येणे आणि बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे होती. मुलगा म्हणाला, "काल धड बोलत होते जी, आज नुसते पडून आहेत. परवाबी असंच झालं होतं." हे वाक्य आमच्या मनात अडकले. पक्षाघात बहुधा एकाएकी येतो. येथे मात्र दौर्बल्य हळूहळू आले होते आणि त्यात रोज चढउतार होत होता.

परीक्षणात रुग्ण शुद्धीवर होता, परंतु वार विचारला असता चुकीचा सांगत होता. नाडी नियमित होती व रक्तदाब 150/90 होता. चेहरा वाकडा नव्हता. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरावयास सांगितले, तेव्हा डावा हात दहा सेकंदांत आत वळून खाली आला. चालताना डाव्या पायातील चप्पल निसटत होती.

पडण्याविषयी विचारले असता मुलाने प्रथम "नाही" म्हटले. "गेल्या तीन महिन्यांत केव्हाही, अगदी किरकोळसुद्धा?" असे पुन्हा विचारल्यावर रुग्णाच्या पत्नीला आठवले. सुमारे पंचवीस दिवसांपूर्वी न्हाणीत पाय घसरून ते पडले होते. उजव्या कानाच्या वर सुपारीएवढे टेंगूळ आले, हळद लावली, दोन दिवसांत ते उतरले. शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती, म्हणून कोणी ते मनावर घेतले नाही. हृदयविकारासाठी ते रोज ॲस्पिरिनची गोळी घेत होते.

आम्ही बस्ती दिली नाही. पडल्याची तारीख, लक्षणांचा क्रम व ॲस्पिरिनची नोंद चिठ्ठीवर लिहून त्यांना त्याच दिवशी अकोल्यास पाठविले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूस, कवटी व मेंदू यांच्यामध्ये जुन्या रक्ताचा जाड थर आढळला. कवटीस दोन छिद्रे पाडून तो काढण्यात आला व नळी ठेवण्यात आली. आठवड्याने रुग्ण घरी आला. दोन महिन्यांनी ते आमच्याकडे स्वतः चालत आले, तेव्हा चप्पल निसटत नव्हती.

असे का घडते ?

वयोमानानुसार मेंदूचे आकारमान घटते आणि कवटीच्या आत थोडी रिकामी जागा निर्माण होते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाह्य आवरणाकडे जाणाऱ्या लहान सिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. किरकोळ हिसक्यानेही त्यांपैकी एखादी तुटू शकते. सिरेतील रक्ताचा दाब कमी असल्याने ते थेंबथेंब पाझरते. रिकामी जागा असल्याने प्रारंभी मेंदूवर दाब येत नाही व रुग्ण ठणठणीत दिसतो. पुढे शरीर त्या रक्ताभोवती पडदा तयार करते. त्या पडद्यातील नव्या रक्तवाहिन्या नाजूक असल्याने पुनःपुन्हा पाझरतात आणि थर वाढत जातो. रोजच्या चढउताराचे एक कारण हे आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशी औषधे घेणाऱ्यांत, तसेच दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांत ही शक्यता अधिक असते.

ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला 19 ऑक्टोबर 2024 रोजी निवासस्थानी स्नानगृहात पडले व त्यांच्या डोक्याच्या मागील भागास मार लागला. ते कामकाज पाहत राहिले. डिसेंबरमध्ये डोकेदुखी सुरू झाली, तपासणीत रक्तस्राव आढळला आणि 10 डिसेंबर रोजी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. मधे सात आठवड्यांहून अधिक काळ गेला होता. जेथे सर्व साधने हाताशी होती तेथेही असे घडले, हे ध्यानी घ्यावे.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी शिरःकपालांच्या पाच संधींना सीमन्त मर्म म्हटले असून त्यांची गणना कालान्तरप्राणहर मर्मांत केली आहे. अशा मर्माघाताने पक्षात किंवा महिन्यात मृत्यू येतो, आणि सीमन्तांच्या आघातात उन्माद, भय व चित्तनाश ही लक्षणे होतात, असे ते सांगतात. आजच्या निदानाशी हे शब्दशः जुळते असा आमचा दावा नाही. तथापि डोक्याच्या आघाताचा परिणाम काही काळ लोटल्यावर आणि प्रथम मनोव्यापारांत दिसू शकतो, ही दृष्टी आपल्या परंपरेत आहे, एवढे नक्की.

केव्हा काय पाहावे ?

पहिले दोन दिवस तीव्र रक्तस्रावाचे असतात. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, आकडी, जागे करूनही नीट जागे न होणे, एक बाहुली दुसरीहून मोठी होणे, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आकडी आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. 65 वर्षांवरील व्यक्तीची शुद्ध क्षणभरही हरपली असेल, पडल्याची आठवण राहिली नसेल, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे.

त्यानंतरचा काळ अधिक फसवा असतो. लक्षणे बहुधा दोन-तीन आठवड्यांनंतर, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही येतात. ती मोठी नसतात. माणूस गप्प होतो, जेवताना घास हातातून पडतो, कपड्याची बटणे लावता येत नाहीत, लघवीचे भान राहत नाही, तोल जातो, शब्द सापडत नाहीत. घरचे म्हणतात, "वय झाले." वार्धक्यातील विस्मृती वर्षानुवर्षांत वाढते, ती दोन आठवड्यांत वाढली तर कारण शोधलेच पाहिजे.

पहिल्या दिवशीचे सीटी स्कॅन निर्दोष आले तरी ते त्या दिवसापुरतेच असते. नवी लक्षणे उद्भवल्यास ते पुन्हा करावे लागते. शस्त्रक्रियेनंतरही शंभरात दहा ते वीस जणांत रक्त पुन्हा साठते, म्हणून तीच लक्षणे परतल्यास तोच मार्ग धरावा.

वैद्याने काय टाळावे ?

निदान निश्चित होईपर्यंत शिरोधारा, नस्य, शिरोभ्यंग व बस्ती करू नये. मार लागल्यावर झोपेचे औषध देऊ नये, कारण त्याची गुंगी व मेंदूवरील दाबाची गुंगी यांतील भेद ओळखता येत नाही. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक देऊ नये. रक्त पातळ करणारे चालू औषध मात्र स्वतःच्या जबाबदारीवर बंद करू नये. त्याचे नाव व शेवटची मात्रा चिठ्ठीवर लिहावी, निर्णय रुग्णालयातील तज्ज्ञांनी घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या दौर्बल्यावर, शल्यचिकित्सकांच्या संमतीने, आपली वातव्याधिचिकित्सा करण्यास वाव आहे. तिचा क्रम नंतरचा आहे.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा विचारले नसते, तर बस्तीची तयारी झालेली होती. तेव्हापासून साठीपुढील प्रत्येक पक्षाघातसदृश रुग्णास, आणि त्याच्याहून अधिक त्याच्या घरातील स्त्रियांस, आम्ही एक प्रश्न विचारतो : "तीन महिन्यांत कुठे पडले होते का ?" उत्तर "नाही" आले, तर थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारतो.